आयएनआर ७.४ : घाई कुठे, धीर कुठे

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली पंचावन्न वर्षांची बाई उदाहरणासाठी डोळ्यांसमोर आणू. लहानपणी सांधेदुखीचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर, येऊन गेला. त्याने हृदयाची मायट्रल झडप आवळत गेली आणि शेवटी ऑपरेशन करून तिथे कृत्रिम यांत्रिक झडप बसवावी लागली. त्याला आठ वर्षे झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी वॉरफेरिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी आणि महिन्याला आयएनआरची तपासणी ठरलेली. तो बहुतेक वेळा तीनच्या आसपास असतो. यांत्रिक मायट्रल झडपेला २.५ ते ३.५ हीच पातळी हवी असते. पण या वेळी लॅबमधून मोबाइलवर आलेल्या रिपोर्टवर ७.४ आकडा आहे आणि त्याखाली लाल अक्षरांत इशारा.

घरात साहजिकच धावपळ उडते. ओळखीचा कोणी सांगतो, रक्त फार पातळ झालंय, लगेच व्हिटॅमिन के-चं इंजेक्शन मारून घ्या, साधं इंजेक्शन आहे, काही होत नाही. हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, आणि नेमका तोच या बाईला सर्वांत महागात पडू शकतो. वाढलेल्या आयएनआरवर तीन उपाय आहेत. पहिला, गोळी काही दिवस थांबवणे. दुसरा, व्हिटॅमिन के देणे. तिसरा, रक्त गोठवणारे तयार घटक शिरेतून देणे, ज्याला डॉक्टर पीसीसी म्हणतात. यातला कोणता निवडायचा हे रिपोर्टवरच्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच एका प्रश्नावर ठरते. तो प्रश्न असा : रक्तस्राव होतो आहे का, आणि होत असेल तर कुठे?

आकडा काय सांगतो ते आधी पाहू. रक्तातल्या पेशी बाजूला काढून उरलेल्या प्लाझ्मात थ्रोम्बोप्लास्टिन नावाचे रसायन आणि कॅल्शियम मिसळतात आणि गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. निरोगी माणसात साधारण अकरा ते तेरा सेकंद लागतात. हे रसायन प्रत्येक लॅबमध्ये थोडे वेगळे असते, त्यामुळे एकाच रुग्णाचे सेकंद साताऱ्यात एक आणि पुण्यात दुसरे येतील. म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे सेकंद एका सामाईक प्रमाणात बदलण्याची रीत ठरवून दिली. त्यातून येणारा आकडा म्हणजे आयएनआर. वॉरफेरिन न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो.

७.४ म्हणजे रक्त सातपट पातळ झाले, असा याचा अर्थ नाही. ही चाचणी मुळात उपचाराच्या पातळीसाठी, म्हणजे साडेचारपर्यंतच्या आकड्यांसाठी, बारकाईने बसवलेली आहे. त्याच्या पुढे तिचा नेमकेपणा कमी होत जातो. सात आणि आठ यांतल्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. साडेचारच्या पुढे रक्तस्रावाचा धोका वेगाने चढतो, हे मात्र खरे. म्हणून ७.४ कडे दुर्लक्ष करता येत नाही, पण तो आकडा म्हणजे रक्तस्राव नव्हे. ७.४ घेऊन चालत दवाखान्यात आलेल्या बहुतेक रुग्णांना त्या आठवड्यात काहीच होत नाही.

त्यामुळे डॉक्टर आधी आकडा खरा आहे का ते तपासतात. आयएनआरचे रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत सायट्रेटचे मोजके द्रावण आधीच भरलेले असते : एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त हे त्याचे प्रमाण. शीर नीट सापडली नाही आणि नळी अर्धीच भरली, तर सायट्रेट जास्त होते आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. बोटाला टोचून लगेच आकडा दाखवणारी छोटी यंत्रेही पाचच्या पुढे भरवशाची राहत नाहीत. त्यांनी मोठा आकडा दाखवला तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करायची असते. ज्याचा आयएनआर वर्षभर तीन होता आणि जेवणखाण, औषध यांत काहीच बदल नाही, त्याचा अचानक नऊ आला, तर पहिली शंका नळीवरच घ्यावी.

आपल्या मावशींच्या बाबतीत मात्र कारण समोर आहे. आठवड्यापूर्वी त्यांना जुलाब लागले. चार दिवस पेज आणि ताक यांवर काढले. गावातल्या दवाखान्यातून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणल्या, दिवसातून तीन, पाच दिवस. झडपेच्या गोळीबद्दल तिथे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. जुलाबाची गोळी आणि हृदयाची गोळी यांचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल.

संबंध असा आहे. रक्त गोठवणारे चार घटक, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा या क्रमांकांचे, यकृतात तयार होतात. ते कामाचे व्हायला व्हिटॅमिन के लागते. एकदा वापरले गेलेले व्हिटॅमिन के यकृत पुन्हा ताजे करून घेते आणि परत वापरते. वॉरफेरिन हे ताजे करणेच अडवते. वापरायला योग्य व्हिटॅमिन के कमी पडते आणि अर्धवट, निकामी घटक तयार होऊ लागतात. मेट्रोनिडॅझोल यकृतातला जो एन्झाइम वॉरफेरिनचा निचरा करतो त्यालाच रोखते. म्हणजे गोळी तीच, ५ मिलिग्रॅमचीच, पण शरीरात साचू लागते. त्यात चार दिवस पोटात भाजीपाला गेला नाही, म्हणून आहारातले व्हिटॅमिन के-ही आटले. दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला ढकलले गेले.

मेट्रोनिडॅझोल एकटे नाही. लघवीच्या जंतुसंसर्गासाठीचे कोट्रायमोक्झॅझोल, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन, एवढेच काय, तोंडात लावायची मायकोनॅझोलची जेलसुद्धा आयएनआर चढवते. क्षयरोगाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन उलटे वागते. ते चालू असताना आयएनआर खाली येतो, म्हणून वॉरफेरिन वाढवावे लागते. मग सहा महिन्यांनी रिफॅम्पिसिन संपते, वाढवलेले वॉरफेरिन तसेच चालू राहते आणि काही आठवड्यांत आयएनआर उसळतो. टीबीचा कोर्स संपला या आनंदात ही तपासणी राहून गेलेली दिसते.

आता तपासणी. दवाखान्यात डॉक्टर मावशींना एकेक गोष्ट विचारतात. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते का? नाकातून? लघवी लालसर आहे का? शौचाला डांबरासारखी काळी होते का? कुठे न लागता निळे-जांभळे डाग उठलेत का? पडलात का? डोके आपटले का? नेहमीपेक्षा वेगळे डोके दुखते का? पोटात किंवा पाठीत अचानक कळ? मग नाडी, रक्तदाब, पोट, कातडी आणि हिमोग्लोबिन. डोक्याचा प्रश्न डॉक्टर दोनदा विचारतात, कारण कवटीच्या आत दोन चमचे रक्त साठले तरी जीव जाऊ शकतो आणि सुरुवातीला लक्षणे अगदी किरकोळ असतात. आयएनआर इतका असताना डोक्याला मार लागला असेल, तर काहीही दुखत नसले तरी सीटी स्कॅन करावाच लागतो.

मावशी सगळ्याला नाही म्हणतात. हिमोग्लोबिन मागच्या वेळेइतकेच आहे. जुलाब थांबलेत, मेट्रोनिडॅझोलची शेवटची गोळी काल घेऊन झाली. डॉक्टर सांगतात, आज संध्याकाळची गोळी घेऊ नका, उद्याचीही नको. परवा सकाळी पुन्हा रक्त. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको. कंबरेत कसलेही इंजेक्शन नको, त्या जागी स्नायूत रक्त साठून मोठी गाठ होऊ शकते. घरी जा, नीट जेवा.

मुलाला हे फार थोडके वाटते. आईचा रिपोर्ट लाल आणि डॉक्टर फक्त गोळी बंद करतात? पण हाच इथला योग्य उपचार आहे. २००९ मध्ये क्राउदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. आयएनआर साडेचार ते दहाच्या मध्ये असलेल्या आणि रक्तस्राव नसलेल्या सातशेहून अधिक रुग्णांची वॉरफेरिनची गोळी थांबवली आणि निम्म्यांना तोंडाने १.२५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन के, तर निम्म्यांना त्यासारखी दिसणारी औषध नसलेली कॅप्सूल दिली. दुसऱ्या दिवशी व्हिटॅमिन के घेतलेल्यांचा आयएनआर सरासरी २.८ ने उतरला, न घेतलेल्यांचा १.४ ने. आकडा दुप्पट वेगाने खाली आला. पण पुढच्या नव्वद दिवसांत रक्तस्राव झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे सोळा टक्के, म्हणजे सारखेच राहिले, आणि त्यातले बहुतेक किरकोळ होते. व्हिटॅमिन के-ने रिपोर्ट सुधारला, माणसाचा फायदा काही झाला नाही. म्हणूनच २०१२ च्या छातीविकारतज्ज्ञांच्या आणि २०१८ च्या अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी या टप्प्यात, रक्तस्राव नसेल तर, फक्त गोळी थांबवा असे सुचवले.

आकडा उतरायला वेळ का लागतो? गोळी थांबवली तरी आधीचे वॉरफेरिन शरीरातून निम्मे व्हायलाच साधारण दीड दिवस जातो. तोवर यकृतावरची अडवणूक हळूहळू सैल होत जाते, आणि मग नवे घटक तयार होऊन रक्तात भरायला आणखी वेळ. सातवा घटक सहा तासांत निम्मा होतो आणि तितक्याच चपळाईने परत भरतो. दुसऱ्याला मात्र अडीच-तीन दिवस लागतात. म्हातारे रुग्ण, रोजचा डोस मुळातच कमी असलेले, हृदय कमजोर असलेले किंवा कर्करोग असलेले यांचा आयएनआर आणखी सावकाश उतरतो. त्यांना 'दोन दिवसांनी या' ऐवजी 'उद्याच या' म्हणणे बरे. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण वॉरफेरिनऐवजी ॲसिनोकुमॅरॉल घेतात. ते शरीरातून आठ-दहा तासांतच निम्मे होते, म्हणून थांबवल्यावर त्यांचा आकडा लवकर खाली येतो, आणि तितक्याच लवकर नको तितका खालीही जातो. त्यांची पुढची तपासणी लांबवू नये.

मावशींचा तिसऱ्या सकाळचा आयएनआर ४.६ येतो. त्या संध्याकाळचीही गोळी थांबवतात. दुसऱ्या दिवशी ३.४. आता गोळी परत सुरू. किती? इथे एक चूक वारंवार होते. आकडा वाढला होता म्हणून डोस कायमचा कमी केला जातो, आणि दोन आठवड्यांनी आयएनआर १.६ वर येऊन झडपेला गुठळीचा धोका उभा राहतो. मावशींचा आयएनआर डोस जास्त असल्याने वाढला नव्हता. जुलाब आणि मेट्रोनिडॅझोल यांनी तो चढवला होता, आणि दोन्ही आता नाहीत. म्हणून ५ मिलिग्रॅमच परत, चार दिवसांनी तपासणी, मग आठवड्याने. कारण सापडलेच नसते तर हिशेब वेगळा झाला असता : आठवड्याची बेरीज ३५ मिलिग्रॅम, ती दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करायची, म्हणजे पाच दिवस पूर्ण गोळी आणि दोन दिवस अर्धी, एकूण ३०.

गोळी संध्याकाळी घ्यायला सांगण्यामागेही हाच हिशेब आहे. सकाळी रक्त दिले, दुपारी रिपोर्ट आला, की त्याच दिवसाचा डोस बदलता येतो. सकाळीच गोळी घेणाऱ्याचा तो एक दिवस हातचा जातो.

मग व्हिटॅमिन के कधी? रक्तस्राव नाही, पण आयएनआर दहाच्या पुढे गेला, तेव्हा. तिथे रक्तस्रावाची शक्यता इतकी वाढते, की तोंडाने व्हिटॅमिन के देणे बहुतेक तज्ज्ञ योग्य मानतात, साधारण २.५ ते ५ मिलिग्रॅम. यांत्रिक झडप असेल तर आणखी हात राखून, १ ते २.५. आकडा पाच-दहाच्या मध्ये असला तरी रुग्ण फार वृद्ध, पूर्वी पोटातून रक्तस्राव झालेला, किंवा दोन दिवसांत तपासणीला येऊ न शकणारा असेल, तर काही डॉक्टर १-२ मिलिग्रॅम तोंडाने देतात. हा रुग्ण पाहून घेतलेला निर्णय असतो आणि झडपेच्या रुग्णांत त्याचा फायदा मार्गदर्शक सूचनांनाही पक्का सांगता आलेला नाही.

इथे 'तोंडाने' या शब्दावर जोर आहे. पोटातून दिलेले व्हिटॅमिन के चोवीस तासांत शिरेतल्याच्या बरोबरीने काम करते. कातडीखाली दिले तर कधी लागू पडते, कधी नाही. स्नायूत दिले तर रक्ताची गाठ. शिरेतून दिले तर चार-सहा तासांत परिणाम सुरू होतो, पण क्वचित जीवघेणी ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येते, म्हणून ते कधीही एकदम ढकलायचे नसते. ५० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून वीस-तीस मिनिटांत सावकाश सोडतात. कमी मात्रेची योग्य गोळी आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी इंजेक्शनच्या ॲम्प्यूलमधले द्रव सिरिंजने मोजून सरळ प्यायला देतात. ही रीत जगभर चालते.

आणि औषधाच्या दुकानात एक फसगत होते. व्हिटॅमिन के नावाने मिळणारे सगळे एक नसते. वॉरफेरिनवर उतारा म्हणून चालते ते के-१, ज्याच्या वेष्टनावर फायटोमेनाडिओन किंवा फायटोनाडिओन असे लिहिलेले असते. मेनाडिओन नावाचा कृत्रिम प्रकारही विकला जातो. तो वॉरफेरिनपुढे जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ॲम्प्यूल हातात घेऊन नाव वाचणे हे नर्सचे आणि डॉक्टरचे पाच सेकंदांचे काम आहे, पण रात्री दोन वाजता त्यावर बरेच काही अवलंबून असते.

मावशींना सुरुवातीलाच १० मिलिग्रॅम के-१ दिले असते तर? दुसऱ्या दिवशी आयएनआर १.३ आला असता आणि घरच्यांना हायसे वाटले असते. पण १.३ म्हणजे यांत्रिक झडप जवळजवळ उघडी पडली. त्या चकतीच्या बिजागरीपाशी गुठळी धरली, तर झडप अडकते किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते. आणि वॉरफेरिन परत सुरू केले तरी यकृतात साठलेल्या जादा व्हिटॅमिन के-मुळे ते आठवडाभर दाद देत नाही. तो आठवडा हेपारिनच्या इंजेक्शनांवर काढावा लागतो.

आता तोच आकडा, त्याच मावशी, पण एक गोष्ट वेगळी. दोन दिवसांपूर्वी त्या मोरीत पाय घसरून पडल्या. टेंगूळ आले, बाकी काही नाही, म्हणून कोणाला सांगितले नाही. आज सकाळपासून डोके ठणकते आहे, दोनदा उलटी झाली, दुपारपासून गुंगी आहे. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठलेले दिसते. आयएनआर ७.४.

इथे थांबून चालत नाही. कवटीत रक्ताला जागा नाही, आणि ते साठत राहते आहे. शिरेतले व्हिटॅमिन के द्यायचेच, १० मिलिग्रॅम, सावकाश. पण त्याच्या जोरावर यकृत नवे घटक तयार करेपर्यंत चार-सहा तास जातील आणि पूर्ण परिणामाला बारा ते चोवीस. तेवढा वेळ मेंदूकडे नाही. म्हणून ते घटक तयारच द्यायचे. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, म्हणजे पीसीसी, हे अनेक दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळे काढून वाळवलेले औषध आहे. त्यात दोन, सात, नऊ, दहा हे चारही घटक एकवटलेले असतात, आणि तोल राखायला प्रोटीन सी आणि एस. सातवा घटक नसलेला तीन घटकांचा प्रकारही असतो, पण इथे चारचाच हवा.

मात्रा वजनावर आणि आयएनआरवर ठरते. आयएनआर २ ते ४ असेल तर किलोमागे २५ युनिट, ४ ते ६ असेल तर ३५, सहाच्या पुढे ५०. मावशी ६० किलोच्या, म्हणजे ३,००० युनिट. ५०० युनिटची बाटली २० मिलिलिटरमध्ये विरघळवतात. सहा बाटल्या, १२० मिलिलिटर, पंधरा-वीस मिनिटांत शिरेतून आत. काही ठिकाणी हा हिशेब टाळून मेंदूतल्या रक्तस्रावाला सरसकट १,५०० आणि इतर मोठ्या रक्तस्रावाला १,००० युनिट देतात. वेळ वाचतो, नंतर आयएनआर पाहून गरज पडली तर आणखी देता येते. अर्ध्या तासाने तपासलेला आयएनआर १.३ असतो. तेव्हा न्यूरोसर्जन कवटीला छिद्र पाडून रक्त काढू शकतात.

पीसीसीबरोबर व्हिटॅमिन के द्यायला विसरले, तर एक फसवा प्रकार घडतो. सातवा घटक सहा तासांत निम्मा होतो. शरीरात वॉरफेरिन अजून आहेच. संध्याकाळी १.३ असलेला आयएनआर दुसऱ्या सकाळी परत तीनच्या वर जाऊ शकतो आणि थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. म्हणून सहा तासांनी आणि चोवीस तासांनी पुन्हा रक्त तपासतात.

पीसीसी महाग असते आणि तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच मिळते. जिल्ह्याच्या रक्तपेढीत गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे एफएफपी, बहुधा मिळतो. त्यातही हेच घटक असतात, पण पातळ स्वरूपात. मावशींना किलोमागे १५ मिलिलिटरने ९०० मिलिलिटर, म्हणजे चार पिशव्या लागतील. आधी रक्तगट जुळवायचा, मग पिशव्या वितळवायला अर्धा तास, मग चढवायला काही तास. झडपेच्या आजाराने आधीच थकलेल्या हृदयावर एवढे पाणी पडले तर फुप्फुसांत पाणी भरून दम लागू शकतो. एवढे करूनही आयएनआर दीडच्या खाली आणणे एफएफपीला अवघड जाते. २०१३ मध्ये मोठा रक्तस्राव झालेल्या वॉरफेरिनच्या रुग्णांत दोन्हींची तुलना झाली. औषध देऊन अर्ध्या तासाने आयएनआर १.३ किंवा खाली आलेले रुग्ण पीसीसीच्या गटात ६२ टक्के होते, प्लाझ्माच्या गटात १० टक्के. पीसीसी नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचे, असा याचा अर्थ नाही. प्लाझ्मा मिळत असेल तर तोच द्यायचा.

लहान दवाखान्यात एफएफपीही नसते. तिथे सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वीस-तीस मिनिटांत शिरेतून के-१ सुरू करणे. औषधाचे ते चार-सहा तास तिथूनच मोजायला लागतात, मोठ्या हॉस्पिटलात पोचल्यापासून नव्हे. चिठ्ठीवर शेवटची गोळी कधी घेतली, आयएनआर किती होता आणि के-१ किती, किती वाजता दिले, एवढे तरी लिहून पाठवावे.

पीसीसीला स्वतःचा धोका आहे. रक्त गोठवणारे घटक एकदम ओतल्यावर नको तिथेही गुठळी धरू शकते. म्हणून नुसत्या ७.४ च्या रिपोर्टवर, रक्तस्राव नसताना, पीसीसी देणे ही मोठी चूक ठरते. तातडीचे ऑपरेशन हा त्याला अपवाद : आतडे फुटलेल्या रुग्णाला काही तासांतच टेबलावर घ्यायचे असेल तर पीसीसी आणि के-१ दोन्ही लागतात. ऑपरेशन उद्यावर ढकलता येत असेल तर शिरेतले के-१ एकटेच पुरते. नाकातून किंवा हिरड्यांतून थोडे रक्त येते आहे आणि दाबल्यावर थांबते, अशा रुग्णाला गोळी थांबवणे आणि लागलेच तर तोंडाने १-२ मिलिग्रॅम के-१ एवढे पुरे होते. पोटातून काळी शौचास होते आणि रक्तदाब घसरतो, त्याला मात्र मेंदूतल्या रक्तस्रावासारखेच वागवायचे, आणि बरोबरीने एंडोस्कोपी.

मेंदूचे ऑपरेशन झाल्यावर सगळ्यांत अवघड दिवस येतात. १० मिलिग्रॅम के-१ दिलेले आहे, आयएनआर १.२ आहे, आणि झडप यांत्रिक आहे. रक्त पातळ करायचे औषध लवकर सुरू करावे तर मेंदूत पुन्हा रक्त, उशिरा करावे तर झडपेवर गुठळी. डॅबिगॅट्रानसारख्या नव्या औषधांकडे वळता येत नाही. २०१३ मध्ये यांत्रिक झडपेच्या रुग्णांत त्याचा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावा लागला. न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून तारीख ठरवतात. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी, सीटी स्कॅन पुन्हा करून, रक्त वाढलेले नाही हे पाहून. बहुधा आधी हेपारिन पंपाने शिरेतून सावकाश सुरू करतात, कारण डोके दुखू लागले किंवा गुंगी आली तर पंप बंद केल्यावर काही तासांत त्याचा असर ओसरतो. ते सोसले की वॉरफेरिनची गोळी परत येते, आणि के-१ चा साठा यकृतातून ओसरेपर्यंत आयएनआर दर दोन-तीन दिवसांनी पाहावा लागतो. या काळात डोस घाईने वाढवत नेला, तर साठा संपताच आयएनआर पुन्हा सातवर जाऊ शकतो.